ईव्ही/एबिटडा लावून काढलेली शेअरची किंमत कुठे चुकते: मल्टिपल आणि ब्रिज एकत्र बघा

प्रश्न: "पाच लिस्टेड पीअर्स घेतले, डेटा साइटवरचा ईव्ही/एबिटडा मीडियन 9 आला. माझ्या कंपनीचा एबिटडा 120 कोटी, म्हणून ईव्ही 1080. नेट डेट 200 (कर्ज 260, कॅश 60) वजा केलं, 880 उरले, 10 कोटी शेअर्सनी भागलं, 88 आले. सिनिअर म्हणतात ब्रिज अर्धवट आहे. पण मी तर सरळ नेट डेट वजा केलंय, अजून काय राहिलं? बॅलन्स शीटमध्ये लीज लायबिलिटी 90, मायनॉरिटी इंटरेस्ट 15, एका असोसिएटमधली गुंतवणूक 20 दिसते. शिवाय 60 कोटींचे कन्व्हर्टिबल बाँड आणि 1 कोटी ईसॉप आहेत."

तुमचे सिनिअर बरोबर बोलतायत, पण फक्त ब्रिज, म्हणजे ईव्ही या पूर्ण धंद्याच्या किमतीपासून शेअरहोल्डरच्या इक्विटीपर्यंतचा हिशोब, दुरुस्त करून भागणार नाही, कारण तुमचा 9 चा मल्टिपल पण त्याच पद्धतीने अर्धवट आहे. पीअर्सच्या ईव्हीमध्ये जे जे धरलं ते ते तुमच्या कंपनीच्या ब्रिजमध्ये वजा झालं पाहिजे, आणि दोन्हीकडे एबिटडा त्याच व्याख्येचा पाहिजे. एक बाजू सुधारली आणि दुसरी तशीच ठेवली तर उत्तर आधीपेक्षा जास्त बिघडतं, ते खाली तुमच्याच आकड्यांवर दाखवतो.

आधी मल्टिपल. एबिटडा हा नफा व्याज, कर आणि घसारा वजा करायच्या आधीचा, आणि कन्सॉलिडेटेड असल्यामुळे सबसिडिअरीचा शंभर टक्के धरलेला. म्हणजे या एबिटडावर शेअरहोल्डर, बँक, बाँडवाले, मायनॉरिटी शेअरहोल्डर आणि (नवीन लीज नियमात) जागेचा मालक अशा सगळ्यांचा हक्क आहे. मग वरती ईव्हीमध्ये पण या सगळ्यांचे पैसे आले पाहिजेत. डेटा साइट्स बऱ्याचदा मार्केट कॅप अधिक कर्ज वजा कॅश एवढंच करतात, काही लीज धरतात काही नाही, काही मायनॉरिटी इंटरेस्ट बुक व्हॅल्यूला धरतात, आणि एकाच साइटवर दोन कंपन्यांना वेगळी वागणूक मिळालेली पण मी बघितलीय. म्हणून साइटवरचा मल्टिपल उचलायचा नाही, पीअरचं बॅलन्स शीट उघडून ईव्ही स्वतः बांधायचा, पाच कंपन्याच आहेत, होतं.

तुमच्या यादीतला एक पीअर घेतल्यासारखं धरू. मार्केट कॅप 1500, कर्ज 400, कॅश 100, म्हणून साइटवर ईव्ही 1800, एबिटडा 200, मल्टिपल 9. आता त्याच्या लीज लायबिलिटी 160 आहेत आणि मायनॉरिटीचा हिस्सा वाजवी किमतीला 40 भरतो. हे दोन्ही ईव्हीत आले की 2000 होतात आणि मल्टिपल 10. म्हणजे मार्केट या कंपनीच्या एबिटडाला 10 पट देतंय, 9 दिसत होते कारण दोन हक्कदार मोजलेच नव्हते. समजा बाकीचे चार पण असेच बांधले आणि मीडियन 10 आला. तुमच्या कंपनीचा ईव्ही मग 1200.

आता लीज, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 1 जानेवारी 2019 पासून आयएफआरएस 16 लागू झालं आणि त्याने भाडं हा खर्च एबिटडाच्या वरून उचलून खाली नेला, काही भाग घसाऱ्यात, काही व्याजात. एबिटडा वाढला, आणि भाड्याचं देणं बॅलन्स शीटवर कर्जासारखं आलं. म्हणून या नियमात बसणाऱ्या कंपनीचा एबिटडा वापरताय तर लीज लायबिलिटी ईव्हीत धरायचीच आणि ब्रिजमध्ये वजा करायचीच. अमेरिकन नियमांत (एएससी 842) गंमत वेगळी आहे, तिथे ऑपरेटिंग लीजची लायबिलिटी बॅलन्स शीटवर येते पण भाड्याचा खर्च एबिटडाच्या वरच राहतो. तिथे ऑपरेटिंग लीज ईव्हीत धरली तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते, कारण भाडं वजा होऊनच एबिटडा आलाय. तुमच्या पीअर्समध्ये एक जरी अमेरिकन नियमांवाला असेल तर त्याच्या एबिटडात ऑपरेटिंग लीजचा खर्च परत मिळवा, नोट्समध्ये आकडा मिळतो, आणि मग लायबिलिटी धरा.

बरोबर केलंय का हे तपासायचा एक चांगला मार्ग म्हणजे तेच गणित भाडं वजा करून परत करायचं. तुमची कंपनी वर्षाला 24 कोटी लीजचे भरते असं धरू, म्हणजे भाड्यानंतरचा एबिटडा 96. वरच्या पीअरचं भाडं 40, त्याचा एबिटडा 160, लीज सोडून ईव्ही 1840, मल्टिपल 11.5. 96 गुणिले 11.5 म्हणजे 1104, आणि यातून लीज वजा करायची नाही. पहिल्या रस्त्याने 1200 वजा 90 म्हणजे 1110 येतात. दोन्ही जवळ आले, म्हणजे निश्चिंत व्हायला हरकत नाही.

पण ते जवळ आले कारण दोन्ही कंपन्यांचं भाडं एबिटडाच्या 20 टक्केच आहे. समजा तुमच्या कंपनीचं भाडं 24 ऐवजी 60 असतं आणि लीज लायबिलिटी 225. पहिल्या रस्त्याने 1200 वजा 225 म्हणजे 975, दुसऱ्या रस्त्याने 60 गुणिले 11.5 म्हणजे फक्त 690. एवढा फरक का पडतो बघा: भाड्याचा प्रत्येक रुपया एबिटडात राहिला म्हणून त्याला 10 पट किंमत मिळते, पण लायबिलिटी म्हणून वजा होतात भाड्याच्या पावणेचार पटच. म्हणजे ज्या कंपनीचं सगळं भाड्यावर चालतं ती नवीन एबिटडावर उगाच महाग दिसते. अशी कंपनी आली तर मी भाड्यानंतरच्या एबिटडावरच काम करतो, किंवा ईव्ही/एबिट बघतो, कारण तिथे निदान घसाऱ्याचा भाग तरी वजा झालेला असतो.

मायनॉरिटी इंटरेस्टकडे येऊ. तुम्ही 15 लिहिलेत, ते बुक व्हॅल्यू आहे. समजा सबसिडिअरीत तुमच्या कंपनीचे 70 टक्के आहेत, सबसिडिअरीचा एबिटडा 30 आणि तिच्यावर कर्ज 100 (हे 260 मध्ये आधीच धरलेलं आहे). तुमच्या 120 मध्ये हे पूर्ण 30 आलेत आणि त्यांना तुम्ही 10 पट दिलेत, म्हणजे ईव्हीत या सबसिडिअरीचे 300 बसलेत. 300 वजा 100 कर्ज म्हणजे तिची इक्विटी 200, त्यातले 30 टक्के म्हणजे 60 कोटी दुसऱ्यांचे आहेत. वजा करायचे 60, 15 नाही. सबसिडिअरीचे आकडे वेगळे मिळत नसतील तर प्रॉफिट अँड लॉसमध्ये मायनॉरिटीच्या वाट्याचा नफा एका ओळीत दिलेला असतो, त्याला वाजवी पीई लावा. तो 4 कोटी असेल आणि पीई 15 धरला तर 60 च येतात, आणि दोन आकडे एकमेकांच्या आसपास नसतील तर काहीतरी बघायचं राहिलंय. एक इशारा: सबसिडिअरी हळू वाढणारी आहे म्हणून मायनॉरिटी 7 पटीने काढायची आणि ईव्हीत मात्र तिचा एबिटडा 10 पटीनेच ठेवायचा असं लोक करतात, हे चालत नाही. ती खरंच 7 पटीची असेल तर एबिटडा दोन भागांत तोडा आणि दोन्हीकडे 7 च लावा.

असोसिएटचं बरोबर उलटं आहे. 25 टक्के हिस्सा असलेल्या कंपनीचा एबिटडा तुमच्या 120 मध्ये येतच नाही, फक्त नफ्यातला वाटा एबिटडाच्या खाली एका ओळीत येतो. म्हणजे 1200 मध्ये या हिश्श्याची किंमत शून्य धरली गेलीय, म्हणून ती वेगळी मिळवायची. बुकमध्ये 20 दिसते कारण घेतली तेव्हाची किंमत अधिक साचलेला नफा एवढंच तिथे असतं. ती कंपनी लिस्टेड असेल आणि मार्केट कॅप 200 असेल तर तुमचा हिस्सा 50. लिस्टेड नसेल तर तिच्या नफ्याला पीई लावून अंदाज करा. फक्त हे करायच्या आधी कंपनीने एबिटडा कसा मोजलाय ते वाचा, काही कंपन्या असोसिएटचा वाटा स्वतःच्या ॲडजस्टेड एबिटडात घालून टाकतात. तसं असेल तर आधी तो बाहेर काढा, मग 50 मिळवा. आणि पीअर्सना असोसिएट असतील तर त्यांच्या ईव्हीतून ते वजा व्हायला हवेत, हे विसरू नका.

कॅशबद्दल थोडक्यात. 60 पैकी किती खरंच हातात आहे ते नोट्समध्ये बघा. समजा 15 कोटी बँकेकडे मार्जिन म्हणून अडकलेत, तर 45 च धरा. मी सगळ्यात जास्त बघतो ती गोष्ट म्हणजे वर्षअखेरचं कर्ज नेहमीचं आहे का, कारण तारखेच्या आधी वसुली जोरात करून आणि सप्लायरचे पैसे थांबवून कर्ज कमी दाखवता येतं. चेक सोपा आहे. व्याजाच्या खर्चातून लीजचं व्याज वेगळं काढा आणि उरलेल्याला कर्जाच्या दराने भागा. तुमच्याकडे ते 24 कोटी असेल आणि दर 9 टक्के असेल तर सरासरी कर्ज 267 च्या आसपास निघतं, 260 शी जुळतं, ठीक आहे. तेच व्याज 35 असतं तर वर्षभर सरासरी 390 कोटींचं कर्ज होतं असा अर्थ झाला, आणि मग ब्रिजमध्ये 260 लिहिणं म्हणजे शेअरहोल्डरला 130 कोटी फुकट देणं.

आता शेअर्सची संख्या आणि तो कन्व्हर्टिबल. इथपर्यंतचा हिशोब असा:

```
ईव्ही (120 × 10)            1200
वजा कर्ज                    -260
अधिक वापरता येणारी कॅश       +45
वजा लीज लायबिलिटी            -90
वजा मायनॉरिटी (वाजवी)        -60
अधिक असोसिएट (मार्केट)       +50
इक्विटी व्हॅल्यू                885
```

ईसॉप 1 कोटी आहेत, एक्सरसाइज किंमत 40 धरू. ट्रेझरी स्टॉक मेथडमध्ये आपण असं मानतो की ऑप्शनवाले 40 भरून शेअर घेतात आणि कंपनी त्याच पैशात बाजारातून शेअर परत विकत घेते, फरक तेवढा शेअर्समध्ये वाढतो. अडचण ही की परत किती शेअर घेता येतील हे किमतीवर ठरतं आणि किंमतच तर आपण शोधतोय. बरेच जण इथे चालू मार्केट प्राइस टाकून मोकळे होतात. पीअरचं मार्केट कॅप काढताना मार्केट प्राइसच बरोबर आहे, पण स्वतःच्या कंपनीची किंमत काढताना तुमच्या मॉडेलमधून निघालेली किंमत लावायला पाहिजे, नाहीतर मॉडेल 82 म्हणतंय आणि डायल्युशन 110 च्या हिशोबाने झालंय असं होतं. एक्सेलमध्ये यासाठी सर्क्युलर रेफरन्स चालू करायची गरज नाही. गणित मांडलं तर ते इतकंच उरतं की इक्विटीत एक्सरसाइजचे पैसे मिळवा आणि सगळे ऑप्शन धरून भागा:

```
किंमत = (इक्विटी + ऑप्शन × एक्सरसाइज किंमत) / (शेअर्स + ऑप्शन)
     = (885 + 1 × 40) / (10 + 1) = 84.1
```

अट एकच, उत्तर एक्सरसाइज किमतीच्या वर आलं पाहिजे. वेगवेगळ्या किमतीचे ऑप्शनचे गट असतील तर सगळ्यात कमी किमतीपासून एकेक गट आत घेत जा, जिथे निघालेली किंमत पुढच्या गटाच्या खाली राहते तिथे थांबा. आरएसयू असतील तर त्यांची एक्सरसाइज किंमत शून्य, ते पूर्ण धरायचे. आणि मूळचे 10 कोटी शेअर ताज्या फायलिंगमधून घ्या, ईपीएसच्या ओळीतला वेटेड ॲव्हरेज नको, तो वर्षभराची सरासरी असतो, परवा इश्यू झालेले शेअर त्यात जवळजवळ दिसतच नाहीत.

कन्व्हर्टिबल बाँड 60 कोटींचे, 60 ला एक या भावाने 1 कोटी शेअर मिळणार असं धरू. 84 चा भाव असेल तर बाँडवाला 60 रोख घेण्यापेक्षा शेअरच घेणार, म्हणजे हा बाँड आता कर्ज नाही, शेअर आहे. हे 60 तुमच्या 260 च्या कर्जात आधीच धरलेले आहेत असं मानून कर्जातून 60 काढायचे (इक्विटी 945 होते) आणि शेअर्समध्ये 1 कोटी वाढवायचे. 945 अधिक 40 भागिले 12, किंमत 82.1. नंतर परत बघायचं की 82.1 हे 60 च्या वरच आहे, म्हणजे कन्व्हर्ट होणार हे गृहीतक टिकलं. इथली नेहमीची चूक म्हणजे बाँड कर्जात पण ठेवायचा आणि शेअर्स पण वाढवायचे, तसं केलं तर 925 भागिले 12 म्हणजे 77.1 येतात, शेअरमागे 5 उगाच गेले. भाव 60 च्या अगदी जवळ असेल तर मात्र हे दोन्ही प्रकार अपुरे पडतात, कारण बाँडमध्ये कर्ज आणि ऑप्शन दोन्हींची किंमत असते, तिथे बाँडचा स्वतःचा बाजारभाव मिळाला तर तो वजा करणं जास्त योग्य.

तर तुमचे 88 होते, माझे 82.1 आले. फरक छोटा दिसतो म्हणून "काय एवढं" असं वाटेल, पण तो छोटा आहे कारण तुमच्या दोन उणिवा एकमेकींना खात होत्या: मल्टिपल कमी होता आणि ब्रिजमधलं वजा करणं पण कमी होतं. आता समजा सिनिअरचं ऐकून तुम्ही ब्रिज पूर्ण केला पण मल्टिपल साइटवरचा 9 च ठेवला. ईव्ही 1080, इक्विटी कन्व्हर्टिबल धरून 825, अधिक 40, भागिले 12, किंमत 72.1. आणि उलट, पीअर्सचा मल्टिपल 10 नीट बांधला पण ब्रिजमध्ये तेच जुने 200 वजा करून 10 कोटींनी भागलं तर 100. कंपनी तीच, एबिटडा तोच, आणि उत्तर 72 पासून 100 पर्यंत कुठेही. मॉडेल तपासायला माझ्याकडे येतं तेव्हा हे अर्धं दुरुस्त झालेलं रूप मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण वरवर बघितलं तर ब्रिज अगदी भरगच्च, प्रोफेशनल दिसतो, आणि कोणी पीअर्सची शीट उघडतच नाही.

हे पकडायला मी एक साधी सवय ठेवलीय, एकाच शीटमध्ये पीअर्स आणि टार्गेट एकाखाली एक, आणि कॉलम सगळ्यांना तेच: मार्केट कॅप, कर्ज, लीज, मायनॉरिटी, प्रेफरन्स, पेन्शनची तूट (कर वजा जाता), असोसिएट, कॅश. पीअर्ससाठी डावीकडून उजवीकडे जायचं म्हणजे ईव्ही मिळतो, टार्गेटसाठी उजवीकडून डावीकडे. एखाद्या कॉलममध्ये टार्गेटला आकडा आहे आणि पाचही पीअर्सना कोरं आहे असं दिसलं की थांबायचं, एकतर पीअर्सच्या नोट्स वाचल्या नाहीत किंवा टार्गेट खरंच वेगळी आहे, आणि दुसरं असेल तर ते रिपोर्टमध्ये लिहायचं. पीअरने बॅलन्स शीटच्या तारखेच्या जरा आधी मोठं अधिग्रहण केलं असेल तर त्याचं कर्ज पूर्ण दिसतं पण एबिटडा दोन-तीन महिन्यांचाच, मल्टिपल फुगतो. तिथे पूर्ण वर्षाचा प्रो फॉर्मा एबिटडा घ्या, नाही मिळाला तर तो पीअर बाजूला ठेवा.

शेवटी एकच आकडा देऊ नका. मल्टिपल 9.5 ते 10.5 धरला तर ईव्ही 60 नी खाली-वर होतो आणि 12 कोटी शेअर्सवर किंमत 77 ते 87 होते. म्हणजे ईव्हीत 5 टक्के इकडे-तिकडे झालं की शेअरवर साधारण 6 टक्के, कर्ज जितकं जास्त तितकं हे अंतर वाढत जातं. तुमच्या पाच पीअर्समध्ये मल्टिपल 8 ते 13 असे पसरलेले असतील तर आधी वाढीचा दर आणि मार्जिन शेजारी लावून बघा आणि आपल्यासारखे दिसणारे दोन-तीनच ठेवा. ईसॉपची एक्सरसाइज किंमत, बाँडचा कन्व्हर्जन भाव, लीजचं वार्षिक पेमेंट आणि सबसिडिअरीचे आकडे मी धरलेले आहेत, ते तुमच्या नोट्समधून भरा, मग 82 कुठे सरकतो ते कळेल.